रक्ताची पिशवी मिळायला इतका वेळ का लागतो? कोकराच्या रक्तापासून बॉम्बे ब्लड ग्रुपपर्यंत

मे महिना आला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: राज्यात रक्ताचा तुटवडा. कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, शिबिरं होत नाहीत. ती बातमी वाचून काही जण आवर्जून रक्त देऊन जातात. पण रक्तपेढीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकाचा प्रश्न वेगळाच असतो. त्याला आत फ्रीजमध्ये पिशव्या दिसत असतात.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या. रात्री दोन वाजता कुणीतरी धापा टाकत येतं. हातात डॉक्टरांचा मागणीचा कागद आणि रुग्णाच्या रक्ताची छोटी नळी. "बी पॉझिटिव्ह आहे का?" आहे. "मग द्या ना लगेच." मी म्हणायचो, "दादा, पाऊण तास लागेल." त्यावर जो चेहरा होतो तो मी कधी विसरलो नाही. ज्याची बायको किंवा बाप वर ऑपरेशन टेबलवर आहे, त्याला पाऊण तास म्हणजे काय वाटत असेल! त्या वेळी उत्तर द्यायला सवड नसायची. ते उत्तर सुरू होतं 1667 सालच्या पॅरिसमध्ये, म्हणून आज सवडीने देतो.

## वासराचं रक्त आणि काळी लघवी

रक्त शरीरात गोल फिरतं, हृदय ते ढकलतं, हे इंग्लंडमध्ये विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये सिद्ध केलं. त्याआधी रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत जिरून संपतं, अशी समजूत होती. एकदा ते फिरतं हे कळल्यावर पुढचा विचार साहजिक होता: फिरत्या पाण्याच्या पाटाला बाहेरून पाणी जोडता येतं, तसं एका जिवाचं रक्त दुसऱ्याला जोडता येईल का? ऑक्सफर्डच्या रिचर्ड लोअर यांनी 1665 मध्ये एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्या कुत्र्याला दिलं. रक्त काढून मरणाच्या दारात नेलेला कुत्रा उठून उभा राहिला.

पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त दनी नावाच्या तरुण डॉक्टरने जून 1667 मध्ये हाच प्रयोग माणसावर केला. पंधरा वर्षांचा एक मुलगा तापाने आजारी होता. त्या काळच्या उपचारांप्रमाणे त्याचं रक्त पुन्हापुन्हा काढून त्याला पार थकवून टाकलं होतं. त्याला कोकराचं थोडं रक्त दिलं. दंडात गरम वाटलं, एवढीच त्याची तक्रार. मुलगा सुधारला. माणसाचं रक्त का घेतलं नाही? कारण जनावर निष्पाप असतं, त्याला दारू नाही, राग-लोभ नाही, म्हणून त्याचं रक्त शुद्ध, अशी दनी यांची धारणा होती. रक्ताबरोबर स्वभावही जातो असं तेव्हा सगळेच मानत.

म्हणूनच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी आंत्वान मोरुआ या माणसाला वासराचं रक्त दिलं. मोरुआला वेडाचे झटके येत. वासराच्या गरीब स्वभावाने तो शांत होईल अशी अपेक्षा होती. पहिल्या खेपेला विशेष काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला जास्त रक्त दिलं, आणि मग जे घडलं ते दनी यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. हात गरम झाला, नाडी धावू लागली, चेहऱ्यावर घाम फुटला. कमरेत, मूत्रपिंडांच्या जागी जोरात दुखू लागलं. ओकारी आली, जीव गुदमरू लागला. दुसऱ्या दिवशी त्याला लघवी झाली ती काळीकुट्ट, धुराड्यातली काजळी कालवल्यासारखी.

हे वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. चुकीच्या गटाचं रक्त चढल्यावर काय होतं हे आम्हाला जे शिकवलं जातं, ते शब्दशः हेच आहे. शिरेत जळजळ, कंबरदुखी, घाम, उलटी, काळी लघवी. दनी यांनी लक्षणांची यादी अचूक लिहिली. तिचा अर्थ मात्र त्यांना उलटा लागला: शरीरातला दूषित काळा रस, जो वेडाचं मूळ मानला जाई, तो बाहेर पडतोय, म्हणजे उपचार लागू पडला! मोरुआ काही दिवस शांतही झाला. इतका थकलेला माणूस शांत राहणारच.

पुढच्या वर्षी तिसऱ्या प्रयत्नानंतर मोरुआ मेला. प्रकरण कोर्टात गेलं. त्याच्या बायकोने त्याला विष दिलं होतं असं कोर्टाला आढळलं आणि दनी सुटले. पण यापुढे पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या परवानगीशिवाय कुणालाही रक्त चढवायचं नाही, असा हुकूम निघाला. परवानगी देणारं कुणी नव्हतंच. युरोपात हा विषय जवळजवळ दीडशे वर्षं बंद पडला.

## पहिल्या खेपेला माणूस वाचला कसा?

इथे एक शंका येते. जनावराचं रक्त जर विषासारखं, तर कोकराचं रक्त घेतलेला मुलगा वाचला कसा? मोरुआलाही पहिल्या वेळी काही झालं नाही.

याचं बरंचसं उत्तर मात्रेत आहे. तेव्हा पिसाच्या पोकळ दांड्या जोडून रक्त वाहून नेत. त्यात ते गोठायचं. आपण किती दिलं हा नुसता अंदाज असायचा, प्रत्यक्षात फार थोडं पोचत असणार. उरलेलं उत्तर सवयीत आहे. परकी वस्तू पहिल्यांदा शरीरात आली की शरीर तिच्याविरुद्ध तयारी करू लागतं, आणि काही दिवसांनी तीच वस्तू पुन्हा आली की हल्ला फार जोरात होतो. मोरुआच्या दोन खेपांत असंच झालं असावं.

तो हल्ला म्हणजे नेमकं काय, ते दोन शब्द घेतल्याशिवाय सांगता येत नाही. पुढच्या सगळ्या लेखाला हे दोनच शब्द पुरतील.

तांबड्या रक्तपेशीच्या अंगावर काही खुणा असतात. त्यांना अँटीजेन म्हणतात. आणि रक्तातल्या पिवळसर पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, परकी खूण ओळखून तिला चिकटणारे कण असतात. ते अँटीबॉडी. खूण पेशीवर, ओळखणारा पाण्यात. एवढं लक्षात ठेवलं की रक्तगटाचं निम्मं कोडं सुटतं.

परक्या पेशी आत आल्या की घेणाऱ्याच्या अँटीबॉडी त्यांना चिकटतात. एकेका अँटीबॉडीला अनेक हात असतात, त्यामुळे ती दोन-चार पेशी एकदम धरते आणि पेशींचे पुंजके होतात. पाठोपाठ शरीराची दुसरी यंत्रणा त्या पेशींना भोकं पाडते. पेशी फुटतात, त्यांच्यातला लाल रंग, म्हणजे हिमोग्लोबिन, प्लाझ्मात सांडतो आणि मूत्रपिंडांतून गाळला जाताना लघवी काळी-तपकिरी होते. मूत्रपिंडं त्यातच निकामी होऊ शकतात. मोरुआची काजळी ती हीच: वासराच्या फुटलेल्या पेशी.

## माणसाचंच रक्त, तरी निम्मे दगावले

लंडनमध्ये जेम्स ब्लंडेल हे प्रसूतितज्ज्ञ होते. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बायका डोळ्यांदेखत मरताना ते पाहत होते आणि हात चोळत बसण्याखेरीज काही करता येत नव्हतं. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून खात्री करून घेतली की एका जातीच्या प्राण्याचं रक्त दुसऱ्या जातीच्या प्राण्याला मारतं. म्हणून नियम केला: माणसाला फक्त माणसाचं रक्त. 1818 पासून पुढच्या काही वर्षांत त्यांनी पिचकारीने असं सुमारे दहा वेळा रक्त दिलं. त्यातले जेमतेम निम्मे रुग्ण वाचले.

ब्लंडेल यांचा नियम बरोबर होता, पण अपुरा. काही बायका चमत्कार व्हावा तशा सावरत, तर काही आणखी लवकर जात. दोन्ही वेळा रक्त माणसाचंच. हा फरक का पडतो ते कुणालाच सांगता येईना. पुढच्या काही दशकांत डॉक्टर इतके हताश झाले की 1870 च्या सुमारास अमेरिकेत काहींनी रक्ताऐवजी शिरेतून चक्क दूध देऊन पाहिलं. 1875 मध्ये लेओनार्ड लांडुआ या जर्मन शास्त्रज्ञाने एका प्राण्याच्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या रक्ताच्या पाण्यात टाकल्या की त्या फुटतात, हे काचेच्या नळीत दाखवलं. जनावराच्या रक्ताचा विषय तिथे कायमचा संपला. पण माणसामाणसात काय बिनसतं, हा प्रश्न तसाच होता.

## प्रयोगशाळेतले सहा जण

व्हिएन्नातल्या कार्ल लांडश्टायनर यांनी 1900-1901 मध्ये जे केलं ते कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल इतकं साधं आहे, आणि म्हणूनच मला ते फार आवडतं. त्यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या पाच सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या रक्ताचे दोन भाग केले: तांबड्या पेशी वेगळ्या आणि वरचं पिवळं पाणी वेगळं. मग प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिलं. सहा जणांचं पाणी, सहा जणांच्या पेशी, छत्तीस जोड्या.

काही जोड्या एकसारख्या लाल राहिल्या. काहींत पेशींचे पुंजके झाले, दूध नासल्यावर पाण्यात चोथा तरंगतो तसे. इथे एक गफलत टाळायला हवी. हे पुंजके म्हणजे जखमेवर रक्त गोठतं ते नव्हे. गोठण्याची क्रिया वेगळी, तिचा इथे संबंध नाही. इथे एकाच्या अँटीबॉडीने दुसऱ्याच्या पेशींची मोळी बांधली आहे.

कुणाचं स्वतःचं पाणी स्वतःच्या पेशींना लागलं नाही. दोन सहकाऱ्यांचं पाणी एकमेकांच्या पेशींना काहीच करत नव्हतं, पण दुसऱ्या दोघांच्या पेशींचे पुंजके करत होतं, आणि त्या दोघांचं पाणी उलट यांच्या पेशींचे. हे झाले ए आणि बी. उरलेल्या दोघांत खुद्द लांडश्टायनर होते. त्यांच्या पेशींना कुणाचंच पाणी लागत नव्हतं, पण त्यांचं पाणी ए आणि बी दोन्ही पेशींना लागत होतं. या गटाला त्यांनी सी म्हटलं, नंतर त्याचं नाव ओ पडलं. सहांत कुणी एबी निघालं नाही, तो गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

याचा नियम असा बसतो. ए गटाच्या माणसाच्या पेशींवर ए खूण असते आणि त्याच्या पाण्यात बी ला धरणाऱ्या अँटीबॉडी. बी गटात नेमकं उलट. एबीच्या पेशींवर दोन्ही खुणा, म्हणून पाण्यात एकही अँटीबॉडी नाही. ओच्या पेशींवर दोन्हींपैकी एकही खूण नाही, म्हणून पाण्यात दोन्ही अँटीबॉडी. ब्लंडेल यांच्या कोड्याचं उत्तर हेच: काही बायकांच्या नशिबाने नवऱ्याचं किंवा मदतनिसाचं रक्त जुळलं, काहींचं नाही.

एक गोष्ट मला विद्यार्थिदशेत फार छळायची. मी बी गटाचा. मला कधी कुणाचं ए रक्त चढलेलं नाही. मग माझ्या शरीरात ए विरुद्धच्या अँटीबॉडी आल्या कुठून? सध्याचं उत्तर असं की या खुणा म्हणजे साखरेच्या साखळ्या आहेत, आणि आपल्या आतड्यांतल्या कितीतरी जंतूंच्या अंगावर तशाच साखळ्या असतात. बाळ काही महिन्यांचं होतं तोवर त्याच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला सुरुवात केलेली असते. म्हणून ए-बीच्या बाबतीत पहिलीच चूक जीवघेणी ठरते. दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागत नाही.

लांडश्टायनर यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी लिहिलं की माणसाचं रक्त दिल्यावर कधी बरं तर कधी वाईट का होतं, ते यावरून समजू शकेल. डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला वर्षं लागली. 1907 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रूबेन ओटनबर्ग यांनी रक्त देण्याआधी दोघांचं रक्त नळीत मिसळून पाहायला सुरुवात केली. लांडश्टायनर यांना नोबेल मिळालं ते 1930 मध्ये.

## रक्ताची पेढी झाली कशी

एक अडचण अजून उरली होती. रक्त शरीराबाहेर काही मिनिटांत गोठतं. त्यामुळे दाता रुग्णाच्या शेजारीच झोपवावा लागे. गोठण्यासाठी रक्ताला कॅल्शियम लागतं, आणि सोडियम सायट्रेट ते कॅल्शियम पकडून ठेवतं. पण सायट्रेट जास्त झालं तर रुग्णालाच घातक. 1914 मध्ये ब्रसेल्समध्ये आल्बेर हुस्टँ आणि ब्युनोस आयर्समध्ये लुईस आगोते यांनी सायट्रेट घातलेलं रक्त रुग्णांना दिलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड लेविसोन यांनी सुरक्षित प्रमाण काढलं: 0.2 टक्के. नंतर त्यात साखर घातली, कारण बाटलीतल्या पेशीही जिवंत असतात आणि त्यांना खायला लागतं.

1917 मध्ये पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश सैन्याबरोबर फ्रान्समध्ये असलेल्या ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने याचा फायदा घेतला. लढाई सुरू होण्याआधीच ओ गटाच्या सैनिकांचं रक्त काढून, बाटल्यांत भरून, बर्फात ठेवलं. जखमी आले तेव्हा रक्त तयार होतं. आधी भरून ठेवायचं, लागेल तेव्हा काढायचं: ही पेढी झाली. 'ब्लड बँक' हे नाव शिकागोच्या बर्नार्ड फँटस यांनी 1937 मध्ये दिलं.

याच युद्धातला एक प्रसंग आपल्या जवळचा आहे. ग्रीसमधल्या सालोनिका इथे लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने तिथे जमलेल्या देशोदेशीच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत हिंदुस्थानी सैनिकही होते. इंग्रज सैनिकांत बी फार कमी, आपल्यांत भरपूर. खिडकीवर सगळ्यात जास्त वेळा 'बी पॉझिटिव्ह' का ऐकू येतं, त्याची नोंद 1919 मध्येच झालेली आहे.

## मग त्या पाऊण तासात होतं काय?

आता परत रात्रपाळीकडे. रुग्णाची नळी आली की आम्ही तिच्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. हे कारकुनी काम वाटेल, पण आजच्या काळात चुकीचं रक्त चढण्याचं सर्वात मोठं कारण तपासणीतली चूक नसून नावांची अदलाबदल हे आहे. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असू शकतात.

मग नळी फिरवून पेशी आणि पाणी वेगळं करायचं. पेशींवर तयार अँटीबॉडीचे थेंब टाकायचे, ए विरुद्धचे निळे, बी विरुद्धचे पिवळे. समजा बी विरुद्धच्या थेंबाने पुंजके झाले, ए विरुद्धच्या थेंबाने नाही, तर पेशी बी गटाच्या. आरएच खुणेसाठी आणखी एक नळी, त्यावरून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरतं. पण एवढ्यावर थांबायचं नाही. रुग्णाचं पाणी घेऊन ते ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींशी मिसळायचं. बी गटाचा माणूस असेल तर त्याचं पाणी फक्त ए पेशींचे पुंजके करायला हवं. दोन्ही बाजूंचं उत्तर जुळलं तरच गट पक्का. सातबारा आणि फेरफार दोन्ही पाहिल्याशिवाय जमिनीचा व्यवहार करत नाहीत, तसं.

शेवटी क्रॉसमॅच: जी पिशवी द्यायची तिच्याच पेशी आणि याच रुग्णाचं पाणी. शरीराच्या तापमानाला, 37 अंशांवर ठेवून, मग पुन्हा फिरवून पाहायचं. काही अँटीबॉडी थंडाव्यात आपलं अस्तित्व दाखवतच नाहीत, त्या उबेतच कळतात. वेळ सर्वात जास्त इथे जातो. थोडक्यात, मोरुआच्या शरीरात जे घडलं ते घडणार असेल तर ते आधी नळीत घडू द्यायचं.

वॉर्डात रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं ते सावकाश सोडतात आणि नर्स जवळ थांबते, त्याचंही कारण हेच. थंडी वाजली, कंबर दुखली, शिरेत जळजळ झाली किंवा जीव घाबरा झाला तर रुग्णाने लगेच सांगावं. रक्त तत्काळ बंद करतात आणि ती पिशवी नव्या नमुन्यासह आमच्याकडे परत येते.

## "ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना? तेच द्या"

चालतं, पण अर्धवट. ओ निगेटिव्हच्या पेशींवर ए, बी आणि आरएच या खुणा नाहीत, म्हणून जिवावर बेतलेल्या वेळी क्रॉसमॅचची वाट न पाहता त्या पेशी देतात. मात्र ओ माणसाच्या पाण्यात ए आणि बी दोन्हींविरुद्ध अँटीबॉडी आहेत हे लांडश्टायनर यांच्या तक्त्यात आपण पाहिलं. म्हणून पाणी बहुतेक काढून टाकलेल्या नुसत्या पेशी द्याव्या लागतात. प्लाझ्मा द्यायचा झाला तर हिशेब उलटा होतो आणि एबी सगळ्यांना चालतो. शिवाय आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं मुळात थोडी. त्या दोन-चार पिशव्या घाईने संपवल्या तर ज्याला खरोखर निगेटिव्हच लागतं त्याला काय देणार?

## "माझंच रक्त काढा आणि वडिलांना द्या"

ही मागणी प्रेमातून येते, आणि तिला नाही म्हणणं सर्वात जड जातं. गट जुळत असला तरी रक्ताच्या नात्यातलं रक्त काही वेळा जास्त धोक्याचं असतं. पिशवीत दात्याच्या पांढऱ्या पेशीही असतात. परक्याच्या असल्या तर रुग्णाचं शरीर त्यांना ओळखून संपवतं. मुलाच्या असल्या तर त्या इतक्या सारख्या असतात की ओळखल्याच जात नाहीत. त्या आत रुजून रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वाचणं अवघड. म्हणून नातलगाचं रक्त द्यायचंच झालं तर पिशवीला आधी किरणोत्सर्ग देऊन त्या पेशी निष्प्रभ करतात.

नवऱ्याच्या रक्ताची गोष्ट आणखी वेगळी. न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीचं बाळ पोटातच दगावलं. तिला नवऱ्याचं रक्त दिलं, कारण दोघेही ओ गटाचे. तरी तिला जोरदार प्रतिक्रिया आली. फिलिप लिव्हाइन आणि रूफस स्टेटसन यांनी 1939 मध्ये त्याचा अर्थ लावला: बाळाच्या पेशींवर बापाकडून आलेली अशी एक खूण होती जी आईकडे नव्हती. गर्भारपणात आईच्या शरीराने तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, आणि नवऱ्याच्या रक्तात तीच खूण पुन्हा समोर आली. आज ज्याला आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ती आरएच खूण ती हीच. ए-बीच्या अँटीबॉडी आपोआप तयार होतात, तशा या होत नाहीत, एकदा त्या खुणेशी गाठ पडल्यावरच होतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकोला नवऱ्याचं रक्त देणं आम्ही शक्यतो टाळतो.

आणि "थेट काढा आणि द्या" हे तर होतच नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरियासाठी तपासणी व्हायलाच हवी.

## मुंबईत सापडलेलं कोडं

रुग्णाचं पाणी तपासताना ए आणि बी बरोबर तिसऱ्या नळीत ओ पेशी घेतात, असं वर सहज लिहून गेलो. ओ पेशींवर खूणच नाही, तर त्यांचे पुंजके होतील कशाला? मग ती नळी ठेवायचीच का?

1952 मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या तीन माणसांची हकीकत छापली. त्यांच्या पेशींवर ए किंवा बी विरुद्धचा थेंब टाकला तर काहीच होत नव्हतं. म्हणजे गट ओ. पण त्यांचं पाणी ए पेशींचे पुंजके करत होतं, बी पेशींचे करत होतं, आणि ओ पेशींचेसुद्धा! ओ गटाच्या माणसाला ओ रक्त चालेना. लांडश्टायनर यांच्या तक्त्यात अशा माणसाला जागाच नव्हती. जगभर हा गट आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो.

खुणा म्हणजे साखरेच्या साखळ्या, हे इथे कामाला येतं. माळ ओवताना शेवटी आकडा बसवतात आणि त्या आकड्यात पदक अडकवतात, असं समजा. ए गटात एका प्रकारचं पदक, बी गटात दुसऱ्या. ओ गटात पदक नाही, पण आकडा उघडाच लटकतोय. त्या आकड्याचं नाव एच. आपण ओ म्हणजे कोरं समजतो, पण ओ पेशींवर एच ही खूण भरपूर असते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे आकडाच नाही. त्यामुळे आईबापांकडून ए किंवा बीचं पदक बनवायची क्षमता मिळालेली असली तरी अडकवायला जागा नाही. आणि एच ही खूणच त्याला परकी, म्हणून तिच्याविरुद्ध त्याच्या पाण्यात जोरदार अँटीबॉडी. असा माणूस फक्त बॉम्बे गटाचंच रक्त घेऊ शकतो.

आईवडील दोघंही बी आणि मूल 'ओ' निघालं, हे सर्वसाधारणपणेही होऊ शकतं. पण आई एबी आणि मूल 'ओ', असं दिसलं की घरात नको त्या शंका येतात. त्याआधी ही एक शक्यता तपासून घ्यावी. आकडा नसण्याचा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि दोघांच्याही स्वतःच्या रक्तात तो दिसत नाही.

आपल्या भागात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो असं सांगतात. युरोपात तो त्याहून कितीतरी दुर्मीळ आहे. घाईघाईत फक्त थेंब टाकून गट काढला तर अशा माणसाच्या कार्डावर 'ओ' छापलं जातं, आणि तो ते कार्ड खिशात घालून वर्षानुवर्षं फिरतो. त्याला स्वतःला काही त्रास नसतो. त्याच्या रक्तातल्या नुसत्या पेशी ओ समजून दुसऱ्या ओ माणसाला दिल्या तरी चालून जातं. प्रश्न येतो तो त्याला रक्त लागतं तेव्हाच.

माझ्या रात्रपाळीत असं एकदा झालं. कागदावर ओ पॉझिटिव्ह, थेंबांनीही ओच दाखवलं. बाहेर त्याचा भाऊ खिडकीवर बोटं आपटत होता. तिसरी नळी मी उजेडासमोर धरली तर तळाशी पेशींची घट्ट गोळी, टिचकी मारूनही सुटेना. फ्रीजमधल्या ओच्या चार पिशव्या काढून क्रॉसमॅच केल्या, चारही जुळेनात. मग वरिष्ठांना फोन, बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादीसाठी दुसऱ्या शहरात फोन. सकाळी नऊला दोन दाते मिळाले, एक रेल्वेने येणार होता. तोपर्यंत डॉक्टरांनी सलाइनवर आणि रक्तस्राव रोखण्यावर निभावलं. भावाला मी बाहेर जाऊन ती नळी दाखवली होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग खिडकीशेजारच्या बाकावर जाऊन बसला.